क्रम तोंडपाठ, तरी आकृतीत चारही नावं उलटी: प्रतिक्षिप्त चापाची नेहमीची चूक

दरवर्षी हे होतं. दहावीच्या मुलाला विचारा, प्रतिक्षिप्त चापात, म्हणजे टोचल्याबरोबर विचार न करता अवयव मागे घेतला जातो त्या वाटेत, कातडीपासून स्नायूपर्यंत संदेश कसा जातो? तो धडाधड सांगतो: रिसेप्टर, सेन्सरी न्यूरॉन, रिले न्यूरॉन, इफेक्टर. मग त्याच्यासमोर मेरुरज्जूची आकृती ठेवा, चार जागी अ, ब, क, ड अशी अक्षरं घाला आणि नावं लिहायला सांगा. दोन तरी चुकतातच, कधीकधी चारही. घरचे म्हणतात अभ्यास कमी पडला. माझं मत वेगळं आहे. अभ्यास झालेला असतो, पण तो शब्दांच्या रांगेचा झालेला असतो. आकृतीत ती रांग कुठून सुरू होते हे कोणी दाखवलेलं नसतं.

मी मालवणजवळ संध्याकाळी विज्ञानाची शिकवणी घेते. मुलं बहुतेक सेमी-इंग्रजीची, त्यामुळे वर्गात दोन्ही नावं चालतात. ती एकदा सांगून ठेवते, म्हणजे पुढे गोंधळ नको. रिसेप्टर म्हणजे ग्राही. सेन्सरी न्यूरॉन म्हणजे संवेदी चेतापेशी, रिले न्यूरॉन म्हणजे सहयोगी चेतापेशी, मोटर न्यूरॉन म्हणजे प्रेरक चेतापेशी. इफेक्टर म्हणजे शेवटी प्रत्यक्ष काम करणारा अवयव, स्नायू किंवा ग्रंथी.

आता पावसाळ्याआधीची गोष्ट. एका मुलाने चाचणीचा पेपर आणून माझ्यापुढे ठेवला. चार गुणांचा प्रश्न आणि चारपैकी शून्य. तो रडकुंडीला आला होता, कारण क्रम त्याला खरोखर येत होता. आकृती अशी होती: उजवीकडे मेरुरज्जूचा आडवा छेद. डावीकडे वर एक स्नायू, त्यावर अक्षर अ. छेदाच्या मधोमध, करड्या भागात, एक छोटी चेतापेशी, तिच्यावर ब. छेदातून खालच्या बाजूने निघालेल्या धाग्यावर एक फुगीर गाठ, तिथे क. आणि डावीकडे खाली टाचणी टोचलेली कातडी, तिथे ड. स्नायूकडे जाणाऱ्या वरच्या धाग्यावर अक्षरच नव्हतं.

पोराने अ ला रिसेप्टर, ब ला सेन्सरी, क ला रिले आणि ड ला इफेक्टर लिहिलं होतं. पाठ केलेला क्रम अक्षरांच्या क्रमाने, वरून खाली, ओतून टाकला. खरं उत्तर नेमकं उलटं होतं: ड रिसेप्टर, क सेन्सरी, ब रिले, अ इफेक्टर. पेपर काढणाऱ्याने अक्षरं संदेशाच्या उलट दिशेने घातली होती, तीही बहुधा मुद्दाम. पुस्तकातल्या आकृतीत कातडी वर आणि स्नायू खाली पाहायची मुलाच्या डोळ्यांना सवय. इथे आकृती उलटी छापलेली आणि टाचणीकडे त्याने पाहिलंच नाही.

मी त्याला विचारलं, "अक्षर अ वर तू रिसेप्टर का लिहिलंस?"

"बाई, अ पयला ना."

मुळावरचा रोग हाच. अक्षरांचा क्रम आणि संदेशाचा क्रम यांचा काही संबंध नाही, हे एकदा कळलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे आकृतीत अशी एक खूण शोधणं, जी आकृती उलटी केली, आरशात धरली, आडवी केली तरी बदलत नाही.

ती खूण म्हणजे गाठ

मेरुरज्जूच्या प्रत्येक बाजूला चेतातंतूंची दोन मुळं असतात, एक मागचं, म्हणजे पाठीकडचं, आणि एक पुढचं, म्हणजे पोटाकडचं. पुस्तकी भाषेत पृष्ठ मूळ आणि अधर मूळ. संदेश आत येतो तो मागच्या मुळातून, आणि हुकूम बाहेर पडतो तो पुढच्या मुळातून. हे फ्रान्समध्ये फ्रांस्वा मॅजेंडी यांनी 1822 साली कुत्र्याच्या पिल्लांची मुळं एकेक करून कापून दाखवलं. त्याआधी 1811 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स बेल यांनी पुढच्या मुळाचा हालचालीशी असलेला संबंध मांडला होता. दोघांचं मिळून नाव या नियमाला आहे. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, पण मुळं दोन आहेत आणि दोघांची कामं वाटून दिलेली आहेत, एवढं मुलांना त्यातून पक्कं कळतं.

आता गाठ. सेन्सरी न्यूरॉनची पेशीकाया मेरुरज्जूच्या आत नसते. ती बाहेरच, मागच्या मुळावर असते. अशा पुष्कळ पेशीकाया एकत्र आल्यामुळे तिथे फुगवटा दिसतो, त्याला गंडिका म्हणतात. पुढच्या मुळावर असा फुगवटा नसतो, कारण मोटर न्यूरॉनची पेशीकाया आत, करड्या भागात बसलेली असते. म्हणून आकृती कशीही छापा, ज्या धाग्यावर गाठ तो धागा सेन्सरी. मी मुलांना पेन खाली ठेवायला लावते आणि आधी गाठीवर बोट ठेवायला सांगते. बोट तिथून बाहेरच्या दिशेने सरकवलं की जिथे संपतं तिथे रिसेप्टर. पुन्हा गाठीवर येऊन आतल्या दिशेने गेलं की करड्या भागात दोन पेशींमधली पहिली फट लागते, आणि फटीपलीकडची पेशी रिले.

रिले ओळखायची आणखी सोपी खूण आहे. तिची दोन्ही टोकं करड्या भागातच राहतात. बाहेर पडणाऱ्या कुठल्याही धाग्याला रिले हे नाव लागू शकत नाही. मुलं घाईत बाहेरच्या धाग्यावर रिले लिहितात, तेव्हा मी एवढंच विचारते, "ही बाहेर खय चालली?" मग ती खोडतात.

गाठ काढलेलीच नसेल तर? काही पेपरांत आकृती इतकी ओबडधोबड असते की गाठ गायब. तेव्हा छेदाकडे बघा. करडा भाग फुलपाखरासारखा असतो, पण त्याचे चारही पंख सारखे नसतात. पाठीकडचे पंख निमुळते आणि जवळजवळ कडेपर्यंत पोचलेले, पोटाकडचे पंख जाड आणि आखूड. शिवाय मध्यरेषेवर पोटाकडून एक खोल चीर आत येते, पाठीकडे मात्र उथळ खाच असते. जाड पंख आणि खोल चीर ज्या बाजूला, तिकडून हुकूम बाहेर पडतो. समोरची बाजू सेन्सरी. बाण दिलेले असतील तर एवढं बघायचीही गरज नाही, बाण काय ते सांगतात. पण नावं लिहायला सांगितलेल्या पेपरात बाण बहुधा काढून टाकलेले असतात.

चार शब्द, पाच थांबे

त्या मुलाला गाठीची खूण सांगितली, त्याने चारही नावं बरोबर घातली, आणि मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "बाई, मग ब पासून अ पर्यंत जाता ता काय? त्याका नाव नाय?"

नाव आहे. तो मोटर न्यूरॉन. प्रश्नात तो विचारलेला नव्हता, एवढंच. आणि दुसरी नेहमीची चूक इथेच होते. चारच नावं पाठ असलेल्या मुलाला वाटतं की रिलेच्या पुढचा जो काही धागा आहे तोच इफेक्टर. आकृतीत त्या धाग्यावर अक्षर असेल तर तो डोळे झाकून इफेक्टर लिहितो, आणि स्नायूवर काय लिहायचं हे सुचत नाही म्हणून "स्नायू" लिहून मोकळा होतो. स्वतः आकृती काढताना तर हे हटकून होतं. नाव बरोबर, पण रेघेचं टोक स्नायूला न लागता वाटेतल्या धाग्याला लागतं. तपासणारा रेघेचं टोक बघतो.

माझा उपाय साधा आहे. प्रश्नात चार विचारले असले तरी कच्च्या कागदावर पाचही थांबे लिहायचे: रिसेप्टर, सेन्सरी, रिले, मोटर, इफेक्टर. मग आकृतीत ज्यावर अक्षर नाही त्याच्यावर काट मारायची. त्या मुलाच्या पेपरात मोटरवर काट बसली असती आणि उरलेले चार आपापल्या जागी गेले असते. पुढच्या पेपरात काट रिलेवर बसेल किंवा रिसेप्टरवर, ते आकृती ठरवेल. चार पाठ करून पाचव्या वेळी फसण्यापेक्षा हे बरं.

लागतं एकीकडे, हलतं दुसरीकडे

तिसरी चूक इफेक्टरच्या जागेची. विचारा, इफेक्टर कोणता? मुलं सांगतात "हात" किंवा "बोट", म्हणजे जिथे भाजलं तेच. हे सुटायला मला पुस्तकातली टाचणी कामाला आली नाही, खाडीतली कालवं आली.

आमच्याकडच्या बऱ्याच मुलांच्या घरच्या बायका ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जातात, मुलंही मागे जातात. कालवाच्या शिंपल्याची कड पात्यासारखी असते. अनवाणी पाय पडला की काय होतं हे त्यांना मी शिकवायची गरज नाही. मी फक्त विचारलं, लागलं कुठे आणि हललं काय? मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "बाई, लागला तळव्याक आणि वाकलो गुडघो."

एवढ्या एका वाक्यावर सगळा चाप बसवता येतो. तळव्याच्या कातडीत सेन्सरी न्यूरॉनची उघडी टोकं असतात. वेदनेसाठी तीच रिसेप्टर असतात, वेगळं इंद्रिय वगैरे तिथे नसतं. म्हणून आकृतीत रिसेप्टरची रेघ नुसत्या कातडीच्या पट्टीला नको, कातडीत शिरलेल्या धाग्याच्या टोकाला लागली पाहिजे. तिथून सेन्सरी न्यूरॉन पोटरी, मांडी करत कमरेकडे जातो. मोठ्या माणसात तळव्यापासून मेरुरज्जूपर्यंतचा हा एकाच पेशीचा धागा जवळजवळ एक मीटर भरतो. त्याची पेशीकाया मध्ये, मणक्यांच्या जवळच्या गंडिकेत, एका आखूड देठावर बाजूला लटकल्यासारखी असते. मुलं ती पेशीकाया कातडीजवळ काढतात किंवा मेरुरज्जूच्या आत ढकलतात, आणि मग गाठीची खूणच हातातून जाते. आकृती काढताना आधी गाठ काढा, धागा नंतर ओढा.

मेरुरज्जूत रिले न्यूरॉन तो संदेश उचलतो आणि मोटर न्यूरॉनला देतो. मोटर न्यूरॉन पुढच्या मुळातून बाहेर पडतो आणि जातो कुठे? तळव्याकडे नाही. मांडीच्या मागच्या स्नायूंकडे, ते आखडले की गुडघा दुमडतो. जांघेतल्या स्नायूंकडेही, ते मांडी वर उचलतात. हे स्नायू म्हणजे इफेक्टर. तव्यावर बोट भाजतं तेव्हाही तसंच: रिसेप्टर बोटाच्या कातडीत आणि हात मागे घेणारा मुख्य स्नायू दंडात. म्हणून इफेक्टर शोधताना "कुठे लागलं" हे विचारायचं नाही, "काय आखडलं" हे विचारायचं.

खऱ्या शरीरात रिले न्यूरॉन एकच नसतो, पुष्कळ असतात. त्यातले काही दुसऱ्या बाजूला ओलांडून जातात आणि दुसरा पाय ताठ करतात, नाहीतर एक पाय वर उचलल्यावर माणूस थेट कालवांवरच पडला असता. शाळेच्या आकृतीत यातला एकच रिले दाखवतात. तेवढाच काढा, जास्त काढायला जाऊ नका.

आणि मेंदू? दुखल्याची जाणीव मेंदूला जाते, पण ती वेगळ्या फाट्याने, वरच्या दिशेने. काही पुस्तकांत "मेंदूकडे संदेश" असा बाण दाखवलेला असतो. तो चापाचा थांबा नाही. रिले आणि मोटरच्या मध्ये मेंदू बसवला की उत्तर गेलं, कारण या प्रतिक्षिप्त क्रियेत हुकूम मेरुरज्जूतूनच निघतो. पाय आधी वर येतो आणि "आई गं" नंतर येतं, हे त्या पोरांना ठाऊकच होतं.

आकृती स्वतः काढताना

नावं घालण्यापेक्षा आकृती काढण्यात जास्त मुलं अडकतात, म्हणून माझा क्रम सांगते. आधी मेरुरज्जूचा लंबगोल. त्यात एका बाजूने खोल चीर. चिरेच्या बाजूचे दोन पंख जाड, पलीकडचे निमुळते. मग निमुळत्या पंखातून बाहेर एक धागा आणि त्यावर गाठ. जाड पंखात एक ठिपका, ती मोटरची पेशीकाया, आणि तिथून बाहेर दुसरा धागा. मध्ये छोटी रिले, दोन्हीकडे बारीकशी फट सोडून. त्या फटी म्हणजे संपर्कस्थानं. त्या भरून टाकल्या तर तीन पेशी आहेत हेच आकृतीतून कळत नाही. शेवटी कातडी आणि स्नायू, आणि बाण.

नावांच्या रेघा मात्र जपून. दोन्ही मुळं मेरुरज्जूपासून थोडं पुढे गेल्यावर एकत्र येतात आणि एकच चेता बनते. त्या जोडलेल्या भागात सेन्सरी आणि मोटर धागे शेजारी शेजारी धावत असतात. सेन्सरीची रेघ तिथे आणून सोडली तर ती नेमकी कोणत्या धाग्यावर आहे हे तपासणाऱ्याने ठरवायचं, आणि तो तुमच्या बाजूने ठरवेलच असं नाही. सेन्सरीची रेघ गाठीच्या धाग्यावर, मोटरची बिनगाठीच्या धाग्यावर, जिथे मुळं सुटी आहेत तिथेच टेकवा.

जिथे हा उपाय चालत नाही

ही सगळी पद्धत आहे ती दुखल्यावर अवयव मागे घेण्याच्या आकृतीसाठी. गुडघ्यावर हातोडी मारलेली आकृती आली की थांबा. गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायूबंधावर ठोका बसतो, पण रिसेप्टर तिथे नसतो. ठोक्याने मांडीचा पुढचा स्नायू ताणला जातो, आणि तो ताण ओळखणारा रिसेप्टर त्या स्नायूच्याच आत असतो. लाथ मारल्यासारखा पाय उडवणारा स्नायूही तोच. म्हणजे रिसेप्टर आणि इफेक्टर दोघांची रेघ मांडीच्या पुढच्या एकाच स्नायूवर जाते, आणि ते बरोबर असतं. मुलं मात्र एका जागी दोन नावं कशी म्हणून घाबरतात आणि एक नाव मागच्या स्नायूवर नेतात.

त्याहून मोठा फरक आत आहे. या वाटेवर सेन्सरी न्यूरॉन थेट मोटर न्यूरॉनला भेटतो, मध्ये रिले नाही. करड्या भागात फटी मोजा: दोन असतील तर रिले आहे, एकच असेल तर नाही. पाच थांब्यांच्या कच्च्या यादीत इथे रिलेवर काट मारायची. काही आकृत्यांत एक छोटी तिसरी पेशी दिसते आणि तिच्यातून निघालेली वाट मांडीच्या मागच्या स्नायूकडे जाते. ती रिलेच असते, पण तिचं काम मागचा स्नायू सैल ठेवणं, म्हणजे तो लाथेला आडवा येत नाही. तिच्यावर अक्षर असेल तर रिले लिहा, पण पुढच्या स्नायूच्या वाटेत तिला ओढू नका.